विमानाच्या आधी लिफ्ट आणि भुयारी मेट्रो

*मी ४१ वर्षांची, ठाण्यात राहते, शाळेत शिकवते. २०१९ च्या जुलैत बेंगळुरूहून येताना आमचं विमान उतरता उतरता एकदम परत वर गेलं. त्या दिवसानंतर विमानात पाय ठेवलेला नाही. आता बेंगळुरूच्या बहिणीला फेब्रुवारीत बाळ होणार आहे, आईला घेऊन जायचंय आणि आईला ट्रेनचा एवढा लांबचा प्रवास झेपत नाही. विमान किती सेफ असतं ते आकडे मला पाठ आहेत, तरी तिकिटाचा विषय निघाला की पोटात गोळा येतो. हल्ली लिफ्टमध्ये एकटी जात नाही, भुयारी मेट्रोही नको वाटते. नवरा म्हणतो एक गोळी घे आणि झोप. मी ठरवलंय की भीती पूर्ण गेल्याशिवाय तिकीट काढायचं नाही. पण ती घालवायची कशी?*

ताई, तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य विमानाचं नाहीये, लिफ्टचं आहे.

विमानाची भीती ही एकच भीती आहे असं आपण धरून चालतो पण तसं नसतं. काहींना वाटतं विमान पडेल. काहींना विमान पडण्याची तेवढी भीती नसते, त्यांना भीती असते ती दार बंद होण्याची, की आता मला उतरता येणार नाही आणि इथेच मला काहीतरी होईल, श्वास अडकेल, मी ओरडत सुटेन, सगळे वळून बघतील. दोन्ही माणसं सांगताना "मला विमानाची भीती वाटते" एवढंच सांगतात, पण औषध वेगळं लागतं. सेफ्टीचे आकडे लागू पडले तर पहिल्या माणसाला थोडेफार पडतात, दुसऱ्याला अजिबात नाही, कारण त्याच्या प्रश्नाचं उत्तर त्या आकड्यांत नाहीच. तुम्हीच एक प्रश्न स्वतःला विचारून बघा. विमान उडालेलंच नाही, जमिनीवरच उभं आहे, पण दारं बंद आहेत आणि पायलट सांगतोय की अजून दोन तास थांबावं लागेल. आता भीती कमी होते की वाढते? वाढत असेल तर तुमची सरावाची शिडी विमानापासून नाही, सोसायटीच्या लिफ्टपासून सुरू होते. मला तरी तुमचं प्रकरण बरंचसं तसंच दिसतंय. २०१९ च्या प्रसंगाने दोन्ही भीत्या एकत्र बांधल्या असतील एवढंच.

तो प्रसंग आधी एकदाच नीट समजून घेऊ आणि बाजूला ठेवू. उतरता उतरता परत वर जाण्याला गो-अराउंड म्हणतात. रनवेवर आधीचं विमान अजून असेल, पावसात खालचं दिसत नसेल, वारा अचानक फिरला असेल किंवा विमान हवं तितकं स्थिर नसेल तर पायलटने उतरायचा हट्ट करायचा नसतो, इंजिनाला पूर्ण जोर द्यायचा, नाक वर, चाकं आत, आणि एक फेरी मारून परत यायचं, आणि हे त्यांच्याकडून सिम्युलेटरवर पुन्हा पुन्हा करून घेतात. मुंबईत दोन रनवे एकमेकांना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणी वापरता येत नाहीत, त्यात जुलैचा पाऊस, म्हणजे अशी फेरी व्हायचीच. आत बसलेल्याला मात्र कळतं काय, तर खाली जाणारं विमान अचानक गर्जत वर निघालं, पाठ सीटला दाबली गेली आणि पहिल्या काही क्षणांत कोणी काही सांगतही नाही, कारण त्या वेळी पायलटचे हात कामात असतात. तुमचं शरीर तेव्हा घाबरलं ते बरोबरच होतं. पुढे काय झालं ते मात्र शरीराने ऐकलं नाही, कारण नंतर तुम्ही त्याला विमानात नेलंच नाहीत.

आता तुमच्या अटीकडे येते, भीती पूर्ण गेली की तिकीट. हा क्रमच उलटा आहे असं मी म्हणेन. टाळलं की लगेच बरं वाटतं, खूप बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्यातूनच मेंदू शिकतो की सुटलो, टाळलं म्हणून वाचलो. म्हणून विमानापासून सुरू झालेलं हे आज लिफ्टपर्यंत आलंय. घरात बसून विचार करून ही भीती जात नाही, ती ज्या जागेला चिकटलीय तिथे जाऊन, तिथे थांबून, आपल्याला वाटलं होतं ते घडत नाहीये हे पुन्हा पुन्हा बघून ती सैल होते. मानसोपचारात याला एक्सपोजर म्हणतात, आणि एकाच गोष्टीच्या अशा भीतीवर सगळ्यात भरवशाचा उपचार हाच मानला जातो. भीती शून्य होईल असं वचन मी देत नाही. शंभरातली तीस-चाळीस भीती घेऊन माणूस आरामात गोव्याला जाऊन येतो.

सुरुवातीला एक वही घ्या. प्रत्येक पायरीच्या आधी त्यात दोनच गोष्टी लिहायच्या: नेमकं काय होईल असं वाटतंय, आणि ते होईलच अशी खात्री शंभरपैकी किती. "खूप भीती वाटेल" असं नका लिहू, ते तर होणारच आहे. तपासता येईल असं लिहा, म्हणजे "तिसऱ्या मजल्यापर्यंत श्वास पूर्ण बंद होईल" किंवा "मी दार बडवायला लागेन". करून आल्यावर खाली लिहा की प्रत्यक्षात काय झालं. हे शाळेच्या गृहपाठासारखं वाटेल, तुम्हाला तर सवय आहे, पण ही वही नसली तर लोक पायरी करून येतात आणि "हां, आज नशीब चांगलं होतं" म्हणून सोडून देतात.

पहिली पायरी लिफ्ट. दुपारी गर्दी नसताना एकटीने एक मजला वर, बाहेर. मग तीन मजले, मग शेवटच्या मजल्यापर्यंत. आणि एकदा करून थांबायचं नाही, त्याच दिवशी वर-खाली, वर-खाली, इतक्या वेळा की कंटाळा यायला लागेल (वॉचमनला आधी सांगून ठेवा नाहीतर तो सेक्रेटरीला फोन करेल). मग वेगळी लिफ्ट, एखाद्या हॉस्पिटलची, मॉलची, जुन्या बिल्डिंगची जाळीच्या दाराची. वेगळी का, तर मेंदू फार कंजूष शिकतो, आपल्या सोसायटीच्या लिफ्टचं शिकलेलं तो दुसऱ्या लिफ्टला आपणहून लावत नाही. लिफ्ट जमायला लागली की त्याच आठवड्यात घरी एक विचित्र वाटणारा प्रकार करायचा. खुर्चीत बसून एक मिनिटभर मुद्दाम जोरजोरात, भराभर श्वास घ्यायचा. चक्कर येईल, बोटांना मुंग्या येतील, छाती धडधडेल, म्हणजे विमानात ज्याची भीती आहे तेच सगळं तुम्ही स्वतः ओढवून घ्यायचं आणि मग काही न करता बसून राहायचं. तुमचा अर्धा त्रास हा शरीराच्या या खुणांना घाबरण्याचा असतो. धडधड म्हणजे हार्ट अटॅक आणि चक्कर म्हणजे बेशुद्धी असं समीकरण बसलेलं असतं, ते इथे सोफ्यावर मोडतं. हृदयाचा त्रास, दमा, फिट्स असतील किंवा कोणी गरोदर असेल तर हा भाग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचा नाही.

मग लोकल. साधी लोकल उपयोगाची नाही, तिचं दार उघडं असतं. एसी लोकल घ्या, जिची दारं बंद होतात आणि मध्ये उघडत नाहीत. आधी ठाणे ते मुलुंड, एक स्टेशन. मग फास्ट, कारण त्यात दोन थांब्यांमधला वेळ वाढतो आणि तुम्हाला तोच वेळ हवाय.

आणि मग मुंबईने तुमच्यासाठीच बांधल्यासारखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे अ‍ॅक्वा लाइन, मेट्रो ३. आरे ते कफ परेड, २७ स्टेशनं, आणि आरे सोडलं तर सगळी जमिनीखाली. ठाण्याहून घाटकोपरला यायचं, तिथून मेट्रो १ ने मरोळ नाका, तिथे खाली उतरून अ‍ॅक्वा लाइन. मरोळ नाक्यानंतरचं लगेचचं स्टेशन एअरपोर्टचं टी-२ आहे. पहिल्या दिवशी तेवढंच, एक स्टेशन, टी-२ ला उतरायचं, प्लॅटफॉर्मवर बसून वहीत लिहायचं, परत. नंतर दादरपर्यंत. नंतर थेट सीएसएमटीपर्यंत, तिथून लोकलने घरी. आणि सगळं जमलं की एका रविवारी आरेहून कफ परेड, साधारण तासभर, म्हणजे जवळपास गोव्याच्या फ्लाइटएवढा वेळ बंद डब्यात जमिनीखाली. या पायरीवर मी सगळ्यात जास्त आठवडे घालवायला सांगेन, कारण ही स्वस्त आहे आणि हवी तितक्या वेळा करता येते. विमानाची पायरी महाग पडते, ती रोज नाही करता येत, म्हणून शिकायचं तेवढं इथेच शिकून घ्यायचं.

मेट्रोच्या आठवड्यांत घरी रोज आणखी एक काम. २०१९ चा तो प्रसंग वर्तमानकाळात, बारीकसारीक तपशिलांसकट मोबाईलवर स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करा. "खिडकीवर पाऊस आहे, खाली घरं दिसतायत, चाकं आता टेकणार, आणि एकदम इंजिन ओरडतं..." पाच-सात मिनिटांचं होऊ द्या, आणि शेवट खरा ठेवा, म्हणजे फेरी मारून विमान उतरलं, तुम्ही बॅग घेतली, रिक्षा केली, घरी आलात. बहुतेकांच्या आठवणीतली गोष्ट इंजिनाच्या आवाजापाशीच अडकलेली असते. रोज डोळे मिटून ऐकायचं, लागोपाठ दोन-तीनदा. सुरुवातीला रडू येईल, मग नुसती धडधड होईल, मग एक दिवस लक्षात येईल की ऐकता ऐकता उद्याच्या भाजीचा विचार चालू होता. तिथे थांबा.

आता या सगळ्यात माणसं कुठे फसतात ते सांगते, कारण पायऱ्या करूनही फरक पडत नाही म्हणणारे खूप असतात. बहुतेक वेळा ते कुबड्या घेऊन चढलेले असतात. नवऱ्याचा हात घट्ट धरणे, पर्समध्ये गोळी (घ्यायची नाही, नुसती असू दे), पाण्याची बाटली उराशी, कानात गाणी फुल्ल, दाराजवळचीच जागा, दर दोन मिनिटांनी हवामानाचं अ‍ॅप, एअर होस्टेसचा चेहरा वाचत बसणे. यातलं काही वाईट नाही, पण उतरल्यावर मेंदू श्रेय त्या बाटलीला देतो. म्हणून प्रत्येक पायरी आधी कुबडी घेऊन केली तरी चालेल, पण ती कुबडीशिवाय एकदा झाल्याशिवाय पुढची पायरी चढायची नाही. मेट्रोत मधल्या डब्यात उभ्या राहा, दारापासून लांब, फोन बॅगेत. रामरक्षेचं लोक विचारतात म्हणून सांगते, तुम्ही रोज दिवेलागणीला म्हणत असाल तर विमानातही म्हणा, कोण अडवणार. पण म्हणायची थांबले तर विमान पडेल अशा हिशोबाने चाललेली रामरक्षा ही पाण्याच्या बाटलीतच मोडते, आणि ती तुमची तुम्हाला कळते.

दुसरी फसगत म्हणजे भीती टोकाला असताना उतरून जाणे. घबराटीचा झटका साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि मग आपोआप उतरायला लागतो, शरीराला ते तेवढ्या जोरात फार वेळ परवडत नाही. तुम्ही नेमक्या टोकाला असताना सहार रोडला उतरलात तर मेंदूने भीतीचं जे उतरणं बघायला हवं होतं ते त्याने बघितलंच नाही. तरीही उतरलात तर काय करायचं? घरी जायचं नाही. प्लॅटफॉर्मवर बसा, आणि त्याच दिवशी छोटी पायरी, एक स्टेशन, करूनच निघा. आणि एक खूण लक्षात ठेवा. तीच पायरी चौथ्यांदा करताना निघायच्या आधीची भीती पहिल्यापेक्षा जास्त असेल तर कुठेतरी कुबडी आहे किंवा पायरी मोठी पडलीय, तिचे दोन तुकडे करा. अध्येमध्ये एखादा दिवस वाईट जाणं मात्र यात धरू नका, ते होतंच.

नवऱ्याच्या गोळीबद्दल. अशा वेळी बहुतेकदा अल्प्राझोलाम किंवा त्याच जातीची गोळी असते आणि त्या वेळेपुरतं बरं वाटतं हे खरं आहे. पण १९९७ मध्ये स्टॅनफर्डच्या दोन संशोधकांनी विमानाची भीती असलेल्या २८ बायकांना आठवड्याच्या अंतराने दोनदा विमानात बसवलं. पहिल्या वेळी निम्म्यांना अल्प्राझोलाम, निम्म्यांना नुसतीच दिसायला तशी गोळी. गोळीवाल्यांना त्या दिवशी भीती कमी वाटली. दुसऱ्या वेळी कोणालाच गोळी नव्हती, तेव्हा आधी अल्प्राझोलाम घेतलेल्यांना दुसऱ्या गटापेक्षा जास्त भीती वाटली, आणि त्यांच्यात पॅनिक अटॅक आलेल्यांचं प्रमाण पहिल्या वेळच्या ७ टक्क्यांवरून ७१ टक्क्यांवर गेलं. गट लहान होता, मान्य, पण कारण समजण्यासारखं आहे, गोळीच्या धुक्यात बसलेला मेंदू काही शिकलाच नाही. अगदी तातडीचा एकच प्रवास असेल, कोणाचं आजारपण वगैरे, तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्यायला माझी ना नाही. तुम्हाला मात्र पुढची कित्येक वर्षं भाचरांना भेटायला जायचंय. (डॉक्टरांनी आधीपासून रोजची औषधं चालू केली असतील तर ती या सदराच्या भरवशावर बंद करू नका. आणि विमानाच्या आधी दोन पेग हा उपायही याच खात्यात जातो.)

फ्लाइटची पायरी बेंगळुरूची नको, गोव्याची घ्या. आईशिवाय, नवऱ्याबरोबर, जानेवारीत, सकाळचं विमान, कारण ऊन चढलं की जमिनीवरून गरम हवा उठते आणि धक्के वाढतात, पहिल्या खेपेला ते टाळलेलं बरं. येताना नवऱ्याला चार रांगा मागे बसवा. उड्डाणानंतर काही सेकंदांत पायाखाली धाडकन आवाज येतो तो चाकं आत गेल्याचा. त्यानंतर थोड्याच वेळात इंजिनाचा आवाज उतरतो आणि विमान खाली चाललंय असं पोटाला वाटतं, तिथे बहुतेक जण दचकतात. खाली जात नसतं, चढायचा जोर कमी केलेला असतो, बस. हवेच्या धक्क्यांत शेकडो फूट पडल्यासारखं वाटलं तरी नेहमीच्या धक्क्यात विमान फार थोडं वरखाली होतं. आणि श्वासाचं म्हणाल तर केबिनमधली हवा दर काही मिनिटांनी पूर्ण बदलत असते, कोंडून ठेवलेली नसते. हे आत्ता वाचलंत तेवढं पुरे, विमानात बसल्यावर पुन्हा काढून वाचू नका, नाहीतर हीच कुबडी होईल. तिथे हातात फक्त वही.

हे वाचणाऱ्या ज्यांना कुत्र्याची, पालीची, उंचीची भीती आहे त्यांची शिडी याच रीतीने बनते. फोटो, मग व्हिडिओ, मग लांबून, मग जवळून, आणि तपासता येईल असं भाकीत प्रत्येक वेळी. फक्त रक्त आणि इंजेक्शनवाल्यांनी थांबा, तुमचं वेगळं आहे. घबराटीत सहसा ब्लडप्रेशर वाढतं, म्हणून विमानात घाबरलेला माणूस शक्यतो बेशुद्ध पडत नाही, पण रक्त बघून तुमचं प्रेशर आधी वाढतं आणि मग धपकन खाली येतं, तुम्ही खरोखर पडता. तुम्हाला "रिलॅक्स व्हा" हा सल्ला उलटा पडतो. हात-पाय-पोटाचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायचे, चेहरा गरम व्हायला लागला की सोडायचे, पण पूर्ण सैल नाही, अर्ध्या मिनिटाने परत, असं पाचेकदा. स्वीडनच्या लार्स-गोरान ओस्ट यांनी बसवलेली ही रीत आहे. आधी घरी शिका, मग पायऱ्या, आणि टोचायचा हात तेवढा सैल ठेवा.

ताई, तुमच्याकडे तीन महिने आहेत, ते पुरावेत. पण दोन-तीन आठवडे झाले आणि लिफ्टची पायरीही हलत नाहीये, किंवा काही कारण नसताना घरात बसल्या बसल्या घबराटीचे झटके यायला लागले, झोप उडाली, तर एकटीने ओढू नका. केईएम, सायन, नायर या तिन्ही ठिकाणी मानसोपचाराची ओपीडी आहे, तिथे विचारा, किंवा सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलणारा उपचार, करणारा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट शोधा आणि पहिल्याच फोनवर विचारा की तुम्ही एक्सपोजर करून घेता का, स्वतः बरोबर लिफ्टमध्ये येता का. जो नुसतं बालपणाबद्दल बोलत बसेल तो या कामाला नको. टेली-मानसचा १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी नंबरही आहे, फुकट, मराठीत बोलतात.

गोव्याहून आलात की दोन-तीन आठवड्यांच्या आत बेंगळुरूचं तिकीट काढा, फार गॅप नको, नवीन शिकलेलं मध्येच शिळं होतं. आईला खिडकी द्या, तुम्ही मधल्या सीटवर बसा. आणि परतीचं उद्यान एक्सप्रेसचं वेटिंगवालं तिकीट असू दे म्हणून काढून ठेवाल, मला माहितीये, ते काढू नका.